चुकीच्या उत्तरालाही उत्तर हवे

(के. आर. पुरम, बेंगळूरु येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



1980 च्या दशकात ज्यांचे शालेय शिक्षण झाले, त्यांना दूरदर्शनवरील बालचित्रवाणीचे कार्यक्रम निश्चित आठवत असतील. पुण्यातील या संस्थेने तयार केलेले मराठी पाठ त्या काळी मुलांनी मोठ्या कुतूहलाने पाहिले. पडदा बोलत असे आणि मुले ऐकत असत. एखाद्याला विषय समजला नाही, तर ते पडद्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे 2020 मध्ये शाळांची दारे बंद झाली, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका घरोघरी पोहोचली. तिच्यातही पलीकडच्या मुलाचे उत्तर ऐकून घेण्याची सोय नव्हती. प्रसारणाची ती अंगभूत मर्यादाच आहे.

मोबाइलवर पाहिल्या जाणाऱ्या ध्वनिचित्रमुद्रित पाठाला मात्र ही मर्यादा पाळण्याचे कारण उरलेले नाही. असा पाठ मध्येच थांबू शकतो, प्रश्न विचारू शकतो, मुलाने कोणता पर्याय निवडला हे ओळखू शकतो आणि त्या पर्यायाला अनुसरून काही सांगूही शकतो. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने बेंगळूरुतील माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी गणिताचे मराठी व्हिडिओ पाठ तयार करून देण्याचा मनोदय व्यक्त केला आहे. अशा संकल्पाची चर्चा सहसा कॅमेरा, ध्वनी आणि निवेदक यांच्यापासून सुरू होते. या व्याख्यानाचा विषय त्याहून लहान आहे. पाठाच्या मध्ये येणारा छोटा प्रश्न आणि त्याचे उत्तर चुकले असता मुलाला दिसणारी दोन-तीन वाक्ये, एवढाच. पाठाचे शिकवणे बनते की केवळ दाखवणे उरते, हे बहुतांशी त्या दोन-तीन वाक्यांवर ठरते.

के. आर. पुरममधील एका सर्वसाधारण मराठी घराची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. आईवडिलांपैकी एकजण व्हाइटफील्डहून निघून वाहतुकीत अडकलेला, दुसरा घरीच पण कार्यालयाच्या कॉलवर. इयत्ता पाचवी-सहावीतील मूल टेबलाशी बसून दशांश अपूर्णांकांचा पाठ पाहत आहे. प्रश्न आला, मुलाने बोट टेकवले, पडद्यावर लाल अक्षरांत ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा’ असे उमटले. मुलाने दुसरा पर्याय दाबला. तोही चुकला. तिसरा दाबताच हिरवी खूण झाली आणि पाठ पुढे सरकला. या तीन स्पर्शांत मूल काहीही शिकले नाही. गणिताविषयी त्याला काही कळले नाही; तीन पर्याय असतील तर तिसऱ्या स्पर्शाला सुटका होते, एवढे मात्र कळले. गावाकडच्या शाळेतल्या मुलाचीही हीच कथा होते, फरक इतकाच की तिथे कदाचित शेजारी बाई असतात आणि त्या विचारतात, “हे उत्तर कसं काढलंस रे?” हा प्रश्न पाठाला विचारता येत नाही. म्हणून मुलाने ते उत्तर कसे काढले असेल, याचा विचार पाठ लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवावा लागतो.

ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत 1950 च्या दशकात नॉर्मन क्राउडर हे गृहस्थ तिथल्या हवाई दलातील तंत्रज्ञांना इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील बिघाड शोधण्याचे शिक्षण देण्याच्या कामात होते. त्यांनी पुढे ‘ट्यूटरटेक्स्ट’ नावाची पुस्तके काढली. या पुस्तकांची पाने क्रमाने वाचायची नसत. पानाच्या तळाशी एक प्रश्न असे आणि प्रत्येक पर्यायापुढे एक पृष्ठांक. बरोबर पर्यायाचे पान पुढचा भाग सांगे. चुकीच्या पर्यायाच्या पानावर, तो पर्याय निवडणाऱ्याची नेमकी कुठे गफलत झाली असावी याचे विवेचन असे आणि शेवटी मूळ प्रश्नाकडे परत जाण्याची सूचना. त्याच काळात बी. एफ. स्किनर यांचे मत असे होते की, पाठाच्या पायऱ्या इतक्या लहान कराव्यात की शिकणाऱ्याची चूक होऊच नये. क्राउडर यांना चूक हवी होती, कारण पुढे काय सांगायचे हे त्यांना चुकीवरून ठरवता येत होते. आजच्या व्हिडिओ पाठातील प्रश्न हा त्या पुस्तकाचाच वारस आहे. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी प्रश्न तेवढा वारशाने आला आणि चुकीच्या पर्यायाचे पान मागेच राहिले.

प्रश्नाचा स्वतःचाही उपयोग आहे, हे नाकारता येणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील कार्ल स्पुनार, नॉव्हल खान आणि डॅनिएल शॅक्टर यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचे सुमारे 21 मिनिटांचे मुद्रित व्याख्यान चार भागांत दाखवले. एका गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली. दुसऱ्या गटाला तीच माहिती केवळ पुन्हा वाचावयास दिली. चाचणी दिलेल्या गटाचे लक्ष दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्या वेळाच भरकटले, त्यांनी टिपणेही अधिक काढली आणि शेवटचा भाग त्यांना अधिक चांगला आठवला. तेव्हा मध्ये थांबवून विचारणे हितकारक आहे. परंतु बहुपर्यायी प्रश्नाला एक दुसरी बाजूही आहे. चुकीचे पर्याय हेही वाचलेच जातात, आणि निवडलेला चुकीचा पर्याय खरा म्हणून स्मरणात बसण्याचा संभव असतो. अँड्र्यू बटलर आणि हेन्री रोडिगर यांच्या 2008 च्या अभ्यासात असे दिसून आले की, उत्तरानंतर प्रत्याभरण दिले, तर चाचणीचा लाभ वाढतो आणि चुकीचे पर्याय मनात रुजण्याची हानी कमी होते. प्रत्याभरण म्हणजे कार्यालयीन बोलीतला फीडबॅक. उत्तरावर मिळणारा खुलासा. प्रश्न घालून खुलासा न देणे म्हणजे जखम धुवून उघडी ठेवण्यासारखे आहे.

आता एक प्रश्न हाती घेऊन त्याची घडण सविस्तर पाहावी. विषय दशांश अपूर्णांकांची तुलना. प्रश्न असा: पुढीलपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय तीन: 0.4, 0.63 आणि 0.525. उत्तर 0.63. हे आकडे सहज सुचले म्हणून घेतलेले नाहीत. दशांश अपूर्णांकांची तुलना करताना मुले ज्या चुका करतात, त्यांचा अभ्यास मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी अनेक वर्षे केला. त्यांत दोन रूढ विचारपद्धती ठळकपणे पुढे आल्या. पहिलीत मूल दशांश चिन्हाच्या उजवीकडचा भाग पूर्ण संख्या म्हणून वाचते. त्याला 525 हे 63 पेक्षा मोठे दिसते, म्हणून लांबट संख्या ती मोठी. दुसरीत मुलाला इतके ठाऊक असते की शतांश हा दशांशापेक्षा लहान आणि सहस्रांश त्याहून लहान. त्यावरून ते असा निष्कर्ष काढते की ज्या संख्येत असे बारीक भाग आहेत ती संख्याच लहान. म्हणून आखूड ती मोठी. पहिल्या विचाराचे मूल 0.525 निवडील, दुसऱ्या विचाराचे 0.4. जागेवरून किंमत ओळखणारे मूल 0.63 निवडील. प्रत्येक पर्यायामागे एक विचार उभा आहे.

हाच प्रश्न 0.7, 0.35 आणि 0.285 असे आकडे घेऊन विचारला असता तर? उत्तर 0.7. ‘आखूड ती मोठी’ मानणारे मूल नेमके हेच उत्तर देते आणि त्याला हिरवी खूण मिळते. चुकीच्या विचाराला बरोबर उत्तराचे प्रशस्तिपत्र मिळाले, की तो विचार मोडणे दुप्पट अवघड होते. वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच आहेत. पहिला मुलाला ओळखतो आणि दुसरा फसतो. चौथा पर्याय हवाच असा आग्रहही अनाठायी आहे. ज्याच्यामागे मुलांचा खरा विचार नाही असा पर्याय कोणी निवडत नाही. तो केवळ वाचण्याचा वेळ घेतो. तीन पर्याय चांगले जमले तर ते पुरतात.

आता खुलाशांकडे वळावे. ज्याने 0.525 निवडले, त्याला पडद्यावर असे काही दिसावे: “525 ही संख्या 63 पेक्षा मोठी आहे, हे खरे. पण दशांश चिन्हाच्या उजवीकडे अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. सव्वा म्हणजे 1.25 आणि दीड म्हणजे 1.5. यांतले मोठे कोणते? आता 0.525 आणि 0.63 यांतील पहिल्या जागेचे अंक पाहा.” ज्याने 0.4 निवडले, त्याला हा खुलासा निरुपयोगी आहे. त्याने 525 आणि 63 यांची तुलना केलेलीच नाही. त्याच्यासाठी वेगळे शब्द हवेत: “शतांश हा दशांशापेक्षा लहान भाग असतो, हे बरोबर. पण असे भाग किती घेतले तेही पाहावे लागते. 0.63 मध्ये 6 दशांश आहेत आणि शिवाय 3 शतांश. 0.4 मध्ये दशांश किती?” आणि ज्याने 0.63 निवडले त्यालाही नुसती शाबासकी पुरत नाही, कारण तीन पर्यायांत अंदाजाने बरोबर येणारेही असतात: “बरोबर. दशांशाच्या जागी 4, 6 आणि 5 आहेत. त्यांत 6 मोठा, म्हणून पुढचे अंक पाहण्याची गरजच पडली नाही.”

या तीन खुलाशांची ठेवण सारखी आहे. प्रथम मुलाच्या विचारातील खरा अंश मान्य केलेला आहे. 525 खरोखरच 63 पेक्षा मोठे आहेत. शतांश खरोखरच लहान आहे. मुलाचा विचार निराधार नसतो. एके ठिकाणी चालणारा नियम ते दुसरीकडे लावत असते. त्यानंतर तो नियम इथे का चालत नाही हे एका वाक्यात आले आहे. शेवटी उत्तर न सांगता पुढचे पाऊल प्रश्नरूपाने दिले आहे. ‘तू लक्ष दिले नाहीस’, ‘पाठ पुन्हा पाहा’ असे शब्द कुठेही नाहीत. शिवाय खुलासा संख्येविषयी बोलतो, मुलाविषयी नाही, आणि याला एक व्यावहारिक कारणही आहे. 0.4 निवडणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनात चार दशांश आणि त्रेसष्ट शतांश यांऐवजी एक चतुर्थांश आणि एक त्रेसष्टांश अशी तुलना चालू असू शकते. पर्याय एक, पण विचार दोन. ‘तू असा विचार केलास’ असे ठासून सांगणारा खुलासा त्या मुलाच्या बाबतीत खोटा ठरतो. दशांशाच्या जागेकडे बोट दाखवणारा खुलासा मात्र दोघांनाही उपयोगी पडतो.

सव्वा आणि दीड यांचा उल्लेख इथे मुद्दाम आला आहे. ‘लांबट ती मोठी’ या समजुतीला छेद देणारे इतके सोपे उदाहरण मराठी घरात आयते असते. 25 हे 5 पेक्षा मोठे, तरी सव्वा किलो साखर दीड किलोपेक्षा कमीच. पावणेदोन, अडीच हे शब्द ज्या मुलाच्या कानावर आहेत, त्याला 1.75 आणि 2.5 या संख्यांचे आकारमान चिन्ह शिकण्यापूर्वीच माहीत असते. बेंगळूरुत वाढणाऱ्या मुलांच्या बोलण्यातून हे शब्द झपाट्याने मागे पडत आहेत. पालकांनी भाजीच्या पिशवीसोबत ते वापरत राहिले, तर तो गणिताचाच पाठ आहे. उलट, मराठीतील एक सवय अडचणही निर्माण करते. 1.25 ही संख्या ‘एक पॉइंट पंचवीस’ अशी वाचली जाते, आणि ‘पंचवीस’ या शब्दातच पूर्ण संख्येचा भास आहे. ‘एक पॉइंट दोन पाच’ असे अंक सुटे वाचले की तो भास कमी होतो. पाठाच्या निवेदकाने हे पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे. अन्यथा खुलासा जी समजूत काढू पाहतो, तीच निवेदनातून पेरली जाईल.

पैशाच्या उदाहरणाबाबतही असेच सावध राहावे लागते. रुपये आणि पैसे यांनी दशांश अपूर्णांक शिकवणे सोयीचे वाटते, पण त्यातून चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या वस्तू आहेत अशी समजूत होते. डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे. मग 1.5 म्हणजे एक रुपया पाच पैसे, असे उत्तर येते. म्हणून पाठातील दुसरा प्रश्न असा ठेवता येईल: 1.5 मीटर म्हणजे किती? पर्याय: 1 मीटर 5 सेंटिमीटर, 1 मीटर 50 सेंटिमीटर, 15 मीटर. पहिला पर्याय निवडणाऱ्यासाठी खुलासा: “चिन्हानंतरचा 5 हा मीटरच्या दहा भागांपैकी पाच भाग दाखवतो. एका मीटरमध्ये 100 सेंटिमीटर, तर त्याच्या दहाव्या भागात किती? असे पाच भाग म्हणजे किती?” त्यानंतर पाठाने मोजपट्टी दाखवून 1 मीटर 5 सेंटिमीटर हे 1.05 असे लिहिले जाते, हे दाखवून द्यावे. जो अंक मुलाने चुकीच्या जागी कल्पिला होता, त्याची खरी जागा पाहिल्याशिवाय चूक सुटत नाही.

खुलासा वाचून झाल्यावर काय व्हावे, हा पुढचा प्रश्न. तोच प्रश्न तेच पर्याय घेऊन पुन्हा आला, तर मूल उरलेल्या दोहोंतून निवड करते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी पाठाने शंभर चौकटींच्या आकृतीवरील अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा दाखवावा आणि मग मूळ प्रश्नाचे जुळे भावंड पुढे ठेवावे: 0.3, 0.52, 0.418. इथेही तिन्ही पर्यायांमागे तेच तीन विचार आहेत, पण आकडे नवे असल्यामुळे आठवणीवर उत्तर देता येत नाही. तथापि एक धोका उरतो. दोन्ही प्रश्नांत बरोबर उत्तर मधल्या लांबीचे आहे. चलाख मूल गणिताऐवजी ही खूण शिकते. म्हणून तिसरा प्रश्न 0.3, 0.28, 0.416 असा असावा, ज्याचे उत्तर 0.416 आहे. या प्रश्नात ‘लांबट ती मोठी’ मानणारे मूल बरोबर येईल, हे मान्य. कोणताही एक प्रश्न सगळे सांगू शकत नाही. तिन्ही उत्तरांचा संच पाहिला की मुलाचा विचार दिसतो.

प्रश्न पाठात कोठे यावा यालाही महत्त्व आहे. निवेदकाने नियम सांगितला आणि पुढच्याच क्षणी तोच विचारला, तर मूल कानातला आवाज परत करते. नियम सांगण्यापूर्वी, दोन उदाहरणे डोळ्यांसमोर असताना, ‘तुला काय वाटते?’ असे विचारलेला प्रश्न अधिक खोल जातो, कारण त्यानंतरचे स्पष्टीकरण मूल स्वतःच्या उत्तराचा पडताळा म्हणून ऐकते. वाक्य तोडून प्रश्न येऊ नये. निवेदक थांबावा, पाठ आपोआप थांबावा आणि प्रश्न वाचायला पुरेसा अवकाश असावा. आठ मिनिटांच्या पाठात असे तीन प्रश्न पुरे. त्याहून अधिक झाले की मूल पाठ पाहायचे सोडून प्रश्नांवरून उड्या मारू लागते.

तांत्रिक बाजू आज मुळीच खर्चिक राहिलेली नाही. H5P हे मुक्त साधन तयार व्हिडिओवर असे प्रश्न बसवते. त्यात `Interactive Video` हा प्रकार निवडला की व्हिडिओच्या हव्या त्या सेकंदाला बहुपर्यायी प्रश्न ठेवता येतो. प्रत्येक पर्यायाखाली `Message displayed if answer is selected` असा एक रिकामा रकाना असतो. या व्याख्यानाचा सारा विषय त्या एका रकान्यात मावतो, आणि बहुतेक पाठांत तोच रिकामा राहतो. चुकल्यावर व्हिडिओच्या दुसऱ्या ठिकाणी नेण्याची सोयही आहे, परंतु बहुपर्यायी प्रश्नात ती सर्व चुकीच्या उत्तरांना एकाच ठिकाणी नेते. पर्यायागणिक वेगळा तुकडा दाखवायचा असेल, तर त्याच साधनातील `Crossroads` हा प्रकार वापरावा लागतो. मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला हवा. जुन्या छपाईच्या फाँटमधील मजकूर पडद्यावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. मुलांपर्यंत पोहोचण्याची वाटही अपरिचित नाही. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर संकेत 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचाशी जोडलेले आहेत, आणि त्या मंचाचा ‘सनबर्ड’ हा पाया याच बेंगळूरु शहरातील एकस्टेप प्रतिष्ठानाने घडवला. पुस्तकातून पडद्याकडे जाण्याची मुलांना सवय झालेली आहे.

पाठ वापरात आला की त्याची परीक्षा सुरू होते. समजा, 40 मुलांनी पहिला प्रश्न सोडवला. 20 जणांनी 0.63 निवडले, 14 जणांनी 0.525 आणि सहा जणांनी 0.4. खुलाशानंतर जुळ्या प्रश्नात त्या 14 पैकी 10 जण बरोबर आले आणि चौघांनी पुन्हा लांबट संख्याच निवडली. याचा अर्थ खुलाशाने बहुतेकांना वळवले, परंतु चौघांना नाही. आता हे चौघे बाईंचे. त्यांची नावे बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी माहीत असणे, हा या पाठाचा सर्वांत मोठा उपयोग आहे. याउलट त्या 14 पैकी 11 जण पुन्हा तिथेच अडकले, तर दोष मुलांचा नाही. खुलासा बदलला पाहिजे. एखादा पर्याय कोणीच निवडत नसेल, तर तो काढून टाकावा. आणि प्रश्न दिसल्यापासून दोन-तीन सेकंदांत उत्तरे येत असतील, तर ती वाचून दिलेली नाहीत. त्यांच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

काही मर्यादा कोणत्याही साधनाने हटणार नाहीत. लिहिणाऱ्याला जी चूक सुचलीच नाही, तिला पाठ उत्तर देऊ शकत नाही. मूल घरातल्या मोठ्या भावाला विचारून उत्तर देत असेल, तर पडद्यावर भावाचे ज्ञान दिसते. ज्या घरी मुलासाठी स्वतंत्र मोबाइल नाही, तिथे सारेच अडते. या शेवटच्या अडचणीवर मात्र एक साधा उपाय आहे. वर्गातील टीव्हीवर पाठ लावावा, प्रश्न येताच थांबवावा आणि मुलांनी डोळे मिटून एक, दोन किंवा तीन बोटे वर करावीत. बाईंना क्षणार्धात वर्ग कळतो. मग त्या ज्या पर्यायाला अधिक बोटे दिसली, त्याचा खुलासा आधी वाचून दाखवतात. प्रश्न आणि खुलासे चांगले लिहिलेले असतील, तर ते यंत्राशिवायही चालतात. वाईट लिहिलेले असतील, तर कोणतेही यंत्र त्यांना वाचवू शकत नाही.

तेव्हा हीरक महोत्सवाच्या संकल्पातील कामाची वाटणी उलट्या क्रमाने होणे इष्ट. चित्रीकरणापूर्वी शाळेतील शिक्षकांनी पाचवी-सहावीच्या मुलांना हाच प्रश्न पर्यायांशिवाय, कागदावर द्यावा: ‘या तीन संख्यांत मोठी कोणती आणि का?’ त्या ‘का’च्या उत्तरांचा गठ्ठा हाच पाठाचा कच्चा माल. त्यातून पर्याय निघतील आणि त्यातूनच खुलाशांची भाषा सापडेल. वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्या शिक्षकांच्या मनात हे भांडार आधीपासून आहेच. फक्त ते लिहून काढण्याची वेळ त्यांना कधी मिळालेली नाही. के. आर. पुरमच्या माजी विद्यार्थ्यांनी तो वेळ मिळवून द्यावा, प्रश्न व्हिडिओवर बसवण्याचे काम स्वतःकडे घ्यावे आणि दर महिन्याला कोणता पर्याय किती जणांनी निवडला, याचा तक्ता शाळेकडे पाठवावा. कॅमेरा कोणता, हे सर्वांत शेवटी ठरले तरी चालेल.

या शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला वहीच्या समासातला लाल शाईचा शेरा आठवतो. ज्या शिक्षकांनी नुसती फुली मारली, त्यांच्या फुल्या विसरल्या गेल्या. ज्यांनी फुलीशेजारी एक ओळ लिहिली, त्यांची ती ओळ अनेकांना आजही पाठ आहे. नव्या पाठातला तो रिकामा रकाना म्हणजे वहीचाच समास होय. त्यात काय लिहिले जाते, यावर मोबाइलसमोर एकट्या बसलेल्या मुलाला शाळा भेटते की नाही, हे ठरणार आहे.